चिखल्या : बोटांच्या बेचक्यातली खाज घरभर कशी पसरते



लावणीचे दिवस आले की गावभेटीत एक गोष्ट हमखास दिसते. बैठक सुरू असते, हिशोबाची वही उघडलेली असते आणि दोन-तीन जणी एका पायाच्या अंगठ्याने दुसऱ्या पायाची बोटं चोळत बसलेल्या असतात. विचारलं की उत्तर ठरलेलं, “काही नाही गो, चिखल्या झाल्यात. पाऊस गेला की जातील.”

काही चिखल्या पाऊस गेल्यावर खरंच जातात. पण काही जात नाहीत. त्या पायावरून जांघेत, एकीच्या पायावरून दुसरीच्या पायावर आणि शेवटी घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पायावर जातात. तिथे त्या नुसत्या खाजेवर थांबत नाहीत. म्हणून या अंकाच्या आरोग्य पाठात दोन गोष्टी बघू. आपली चिखली साधी आहे की बुरशीची हे कसं ओळखायचं, आणि बुरशीची असेल तर ती कुठल्या वाटेने पसरते आणि ती वाट कुठे अडवायची.

बेचक्यात नेमकं काय होतं

आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. तो टणक असतो आणि त्याच्यामुळेच पाणी आणि जंतू आत जात नाहीत. तरवा काढायला, चिखळणीला, लावणीला आपण सहा-सात तास पाण्यात उभ्या असतो. तेवढ्या वेळात हा थर पाणी पिऊन फुगतो, पांढरा पडतो आणि मऊ होतो. कपडे धुतल्यावर बोटांची टोकं सुरकुततात तसंच हे. पायाच्या बोटांमध्ये मात्र दोन्हीकडून कातडी कातडीला चिकटलेली असते, हवा जात नाही, त्यामुळे घरी आल्यावरही ती वाळत नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्यातली जागा सगळ्यात अरुंद. म्हणून त्रास बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.

इथपर्यंत जे झालं ती साधी चिखली. पाण्याने कातडी कुजल्यासारखी झाली, एवढंच. दोन-चार दिवस पाय कोरडे ठेवले की ती भरून येते.

आता या मऊ कातडीवर बुरशी येऊन बसली की गोष्ट बदलते. ही बुरशी डोळ्यांना दिसत नाही. आपली कातडी, केस आणि नखं ज्या पदार्थाची बनलेली असतात, तोच पदार्थ खाऊन ती जगते. तिला तीन गोष्टी लागतात : ओल, ऊब आणि अंधार. पावसाळ्यात आतून ओला झालेला गमबूट किंवा बंद प्लास्टिकचा बूट तिला हे तिन्ही देतो. खेळाडूंचे पाय दिवसभर बंद बुटात घामेजलेले असतात, त्यांना हा त्रास फार होतो, म्हणून इंग्रजीत याला ‘अ‍ॅथलीट्स फूट’ म्हणतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘टिनिया पेडिस’ असं नाव दिसेल. अंगावर गोल चट्टा उठतो, ज्याला आपण गजकर्ण किंवा नायटा म्हणतो, तोही याच जातीच्या बुरशीचा असतो. पायावर एक आणि अंगावर दुसराच आजार, असं समजू नका.

साधी चिखली की बुरशी : घरी कसं ओळखाल

दिवसाउजेडी पडवीत बसा, पाय धुऊन पुसा आणि प्रत्येक बेचकं बोटांनी फाकवून बघा.

साधी चिखली बहुतेक वेळा दोन्ही पायांना आणि बऱ्याच बेचक्यांत सारखी असते. कातडी पांढरी, सुरकुतलेली असते. खाजेपेक्षा चुरचुर जास्त असते. तीन-चार दिवस पाण्यात गेलं नाही, पाय कोरडे राहिले, की फरक पडतो.

बुरशीची असेल तर खाज जास्त असते. बूट किंवा चप्पल काढल्यावर ती वाढते. कातडीचे पापुद्रे निघतात आणि खाली लालसर ओली जागा किंवा बारीक चीर दिसते. पुष्कळदा एका पायाला जास्त आणि दुसऱ्याला कमी असते. आणि मुख्य खूण ही की पाय आठवडाभर कोरडे ठेवूनही ती जात नाही. कधीकधी बेचक्यातून निघून तळव्याच्या कडेला कोंड्यासारखं सुकं सालपट सुटायला लागतं. ते बघून “टाच फुटली” असं आपण म्हणतो आणि त्याकडे दुर्लक्ष करतो. नख पिवळं, जाड, ठिसूळ झालं असेल तर बुरशी नखात शिरली असण्याची शक्यता असते.

तिसरा प्रकारही लक्षात ठेवा. बेचक्यातून घाण वास येतोय, पाणी किंवा पू येतोय आणि खाजेपेक्षा ठणका जास्त आहे, तर तिथे दुसरे जंतूही शिरलेत. अशा वेळी घरी मलम लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

ती पसरते कशी

बुरशी हवेतून उडून अंगावर येत नाही. ती आपल्या सुटलेल्या कातडीबरोबर फिरते. खाजवलं, पाय पुसला, बूट काढला की बारीक सालपटं गळतात. त्या सालपटांत बुरशी महिनोन् महिने जिवंत राहू शकते. त्यामुळे ती कशी पसरते हे समजून घ्यायचं तर एकच प्रश्न विचारायचा : माझ्या पायाची सालपटं कुठे कुठे पडतात आणि तिथे पुढे कोणाची ओली कातडी लागते?

याचं उत्तर एका घराच्या उदाहरणातून बघू. हे कुणा एका घराचं नाव घेऊन सांगत नाहीये. वेगवेगळ्या गावांत दिसतं त्यावरून जुळवलेलं उदाहरण आहे. तुम्हाला तुमच्या शेजारचं वाटलं तर नवल नाही.

घरात पाच माणसं. सासूबाई, त्यांना साखर आहे. मुलगा, सून आणि दोन शाळकरी मुलं. सून गटात आहे. गटाने लावणीसाठी चार जोड गमबूट घेतलेत आणि ते आळीपाळीने वापरतात. आज एकीच्या शेतात काम, उद्या दुसरीच्या. संध्याकाळी बूट गटाच्या खोलीत एकावर एक टाकून ठेवायचे, सकाळी ज्याच्या मापाचे मिळतील ते घालायचे.

जूनच्या शेवटी सुनेच्या उजव्या पायाच्या करंगळीशेजारी खाज सुरू होते. तिच्या आधी तो बूट वापरणाऱ्या बाईच्या पायाला सालपटं होती. बूट रात्रभर आतून ओलाच होता. ही झाली पहिली पायरी.

सून संध्याकाळी न्हाणीत अंघोळ करते आणि एकाच पंचाने अंग पुसते. पाय पुसून झाल्यावर तोच पंचा कमरेला गुंडाळते. घाईत ओल्या पायांवरूनच आतले कपडे वर ओढते. पायाची सालपटं अशी जांघेपर्यंत पोहोचतात. जुलैच्या मध्याला जांघेत लाल, खाजरा पट्टा उठतो. लाजेपोटी ती कुणाला सांगत नाही. ही दुसरी पायरी.

पंचा दोरीवर अर्धवट वाळतो, पावसात दुसरं काय होणार? तोच पंचा नवरा वापरतो. त्याच्याही जांघेत खाज सुरू होते. तो बाजारातल्या दुकानातून “खाजेचं मलम द्या” म्हणून एक ट्यूब आणतो. दोन दिवसांत खाज जवळजवळ बंद. सूनही तीच ट्यूब पायाला आणि जांघेला लावते. आठ दिवसांनी बरं वाटतं म्हणून दोघंही थांबतात. पुढच्या आठवड्यात खाज परत येते, या वेळी आधीपेक्षा मोठ्या जागेवर. ट्यूब परत आणतात. असं तीन वेळा होतं. ही तिसरी पायरी. त्या ट्यूबमध्ये काय होतं ते पुढे सांगते.

सासूबाई शेतात जात नाहीत. पण न्हाणीच्या दाराशी गोणपाटाचं पायपुसणं आहे. ते पावसाळाभर ओलं असतं आणि त्यावर घरातली सगळी माणसं पाय पुसतात. ऑगस्टमध्ये त्यांच्या बेचक्यातही सालपटं सुटतात. साखरेमुळे पायाची संवेदना कमी झालेली, नजरही अधू. चीर पडली तरी दुखत नाही, दिसत नाही. गणपतीच्या आधी एके दिवशी ताप येतो, जांघेत अवधाण येतं आणि पाऊल सुजून लाल, गरम होतं. चिरेतून दुसरे जंतू आत शिरलेले असतात. त्यांना ग्रामीण रुग्णालयात भरती करावं लागतं, शिरेतून औषध द्यावं लागतं, साखर आटोक्यात आणावी लागते.

सुरुवात झाली होती करंगळीशेजारच्या अर्ध्या इंच जागेतून. बुरशी स्वतः कातडीच्या वरच्या थरातच राहते, ती आत शिरत नाही. पण ती दार उघडून ठेवते. त्या दारातून दुसरे जंतू शिरतात, आणि साखर असलेल्या माणसाच्या पायाला तेच महाग पडतं.

साखळी कुठे तुटली असती

आता याच घराकडे परत बघू. चार ठिकाणी ही वाट अडवता आली असती आणि त्यातल्या कशालाच मोठा खर्च नाही.

पहिली जागा बूट. एकाचे बूट दुसऱ्याने घालायचे नाहीत. गटाने बूट एकत्र घेतले तरी प्रत्येक जोडावर रंगाने नंबर टाका आणि तो जोड एकीचाच ठेवा. संध्याकाळी बूट आतून पाण्याने धुऊन पुसा आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. तासा-दोन तासाने ओले बोळे काढून कोरडे घाला. मग जमिनीत किंवा भिंतीशी दोन काठ्या रोवून त्यांवर बूट पालथे अडकवा, म्हणजे आत हवा खेळते. चुलीपासून हातभर लांब ठेवलेत तरी चालेल, जवळ नको, रबर तडकतं. सकाळी आत हात घालून बघा. हाताला ओल लागली तर तो बूट त्या दिवशी घालू नये. दुसरा कोरडा जोड नसेल तर सरळ उघडी चप्पल बरी. दुपारी भाकरीला बांधावर बसाल तेव्हा बूट काढा, पाय कोरड्या फडक्याने पुसा आणि जेवण होईपर्यंत उघडे ठेवा.

दुसरी जागा पंचा. पायांसाठी वेगळं फडकं ठेवा. जुन्या सुती साडीचे हातभर तुकडे करून ठेवले की झालं. घरातल्या प्रत्येकाचा तुकडा वेगळा. आधी अंग पुसा, पाय सगळ्यात शेवटी आणि त्या वेगळ्या फडक्याने. प्रत्येक बेचक्यातून फडकं ओढून काढा, नुसतं वरून फिरवू नका. पाय कोरडे झाल्याशिवाय त्यांवरून सलवार किंवा आतले कपडे वर ओढू नका. मुलं शाळेत मोजे घालत असतील तर आधी मोजे घालू द्या, मग चड्डी. मोज्यामुळे पायाची सालपटं वर जात नाहीत. फडकी, मोजे, आतले कपडे गरम पाण्यात साबणाने धुवा. पावसाळ्यात ऊन नसतंच, म्हणून घरात दोरीवर पसरून वाळवा आणि घालायच्या आधी गरम इस्त्री फिरवा. इस्त्रीच्या उष्णतेने बुरशी मरते आणि राहिलेली ओलही जाते.

तिसरी जागा पायपुसणं. पावसाळ्यात गोणपाटाचं जाड पायपुसणं काढून ठेवा. ते वाळतच नाही. त्याच्या जागी रोज धुता येईल असं पातळ कापड टाका. ज्याच्या पायाला सालपटं आहेत त्याने न्हाणीत चप्पल घालून जावं आणि अंघोळ सगळ्यांच्या शेवटी करावी. न्हाणीची लादी किंवा दगड रोज ब्रशने साबण लावून घासा आणि पाणी निपटून काढा.

चौथी जागा औषध. त्याला जरा जास्त वेळ देऊ, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात.

मलम कोणतं, किती आणि किती दिवस

बेचक्यातल्या साध्या बुरशीसाठी क्लोट्रिमॅझोल 1 टक्का हे मलम चालतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. बाहेरून घ्यायचं तर जनऔषधी दुकानात स्वस्त मिळतं. गरोदर ताईंनी आणि अंगावर पाजणाऱ्या ताईंनी आधी नर्सताईंना किंवा डॉक्टरांना विचारून घ्यावं.

लावायची रीत अशी. दिवसातून दोनदा, सकाळी कामाला जायच्या आधी आणि रात्री झोपताना. पाय साबणाने धुवा, पूर्ण कोरडे करा, पाच-दहा मिनिटं तसेच राहू द्या. ओल्या कातडीवर मलम लावलं तर ओल आतच राहते. मलम पातळ चोळा, पांढरं दिसत राहील इतकं थापू नका. नुसत्या खाजणाऱ्या जागेवर नाही, तर त्या पायाच्या सगळ्या बेचक्यांत आणि दिसणाऱ्या कडेच्या पुढे दोन बोटं रुंद चांगल्या कातडीवरही लावा, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. लावून झाल्यावर हात साबणाने धुवा. सुटलेली पांढरी कातडी ओढून काढू नका, खालची जागा उघडी पडते.

आता हिशोब. मलमाची सरी तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्यापर्यंत काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं. दोन्ही पायांच्या बेचक्यांना तेवढं पुरतं. दिवसातून दोनदा म्हणजे 1 ग्रॅम. म्हणजे 15 ग्रॅमची एक ट्यूब 15 दिवस जाते. आणि औषध साधारण 4 आठवडे लावायचं असतं. म्हणजे ट्यूब दोन लागतात. हा हिशोब मुद्दाम सांगते, कारण बहुतेक जणी पहिली ट्यूब संपली की थांबतात, आणि तोपर्यंत खाज गेलेली असते म्हणून थांबणं बरोबरच वाटतं.

खाज पहिल्या आठवड्यातच कमी होते. कातडी दोन-तीन आठवड्यांत भरून आल्यासारखी दिसते. पण आत थोडी बुरशी अजून शिल्लक असते. शेतातलं तण वरून खुडलं आणि मूळ राहिलं तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. म्हणून कातडी बरी दिसायला लागल्यावरही पुढे दोन आठवडे मलम चालू ठेवायचं. कॅलेंडरवर सुरुवातीच्या तारखेला आणि 28 दिवसांनंतरच्या तारखेला खूण करून ठेवा.

आणि औषध एकट्याने घेऊन भागत नाही. घरात आणखी कुणाला सालपटं किंवा गजकर्ण असेल तर त्या सगळ्यांचं एकाच वेळी सुरू करा. नाहीतर एकाचं बरं होईपर्यंत दुसऱ्याकडून परत येतं. पण जांघेत, अंगावर किंवा नखात गेलं असेल तर फक्त मलमावर विसंबू नका. तिथे कधीकधी पोटात घ्यायच्या गोळ्या लागतात आणि त्या कोणत्या, किती दिवस, हे डॉक्टरच ठरवतात. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका.

दोन दिवसांत खाज घालवणारी ट्यूब

मघाच्या घरात नवऱ्याने आणलेल्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉइड मिसळलेलं होतं. अशी मिश्र मलमं आपल्याकडे फार खपतात. स्टिरॉइड खाज आणि लाली पटकन दाबतं, म्हणून औषध भारी आहे असं वाटतं. पण खाज आणि लाली ही शरीराची बुरशीशी चाललेली झटापट असते. स्टिरॉइड ती झटापटच थांबवतं. बुरशीला मोकळं रान मिळतं आणि ती वरून न दिसता पसरत राहते. थांबलं की दुप्पट उसळते. वारंवार लावलं तर कातडी पातळ होते, जांघेत फाटल्यासारखे पट्टे पडतात आणि ते जात नाहीत. गजकर्णाची गोल कडही पुसट होते, मग डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं.

म्हणून ट्यूब घेताना नाव वाचा. अक्षरं बारीक आणि इंग्रजीत असतात, घरातल्या शिकणाऱ्या मुलीला वाचायला सांगा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, यांपैकी एक जरी नाव असलं तरी ती ट्यूब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. 2018 मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइडची बरीच मलमं चिठ्ठीवरच विकायची असा नियमही केलाय. दुकानात “खाजेचं मलम द्या” असं म्हणू नका, औषधाचं नाव सांगून मागा. आधीच अशी ट्यूब महिनोन् महिने लावत असाल तर लपवू नका, ती ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा. पुढचं औषध ठरवायला त्यांना ते कळायला हवं.

आपले घरगुती उपाय

मेंदी लावायची पद्धत जुनी आहे. मेंदीने जागा थोडी सुकते आणि चुरचुर कमी होते, साध्या चिखलीला त्याने बरं वाटतं. पण बुरशीवर तेवढ्याने भागत नाही, आणि मेंदीच्या रंगाखाली लाली वाढतेय की कमी होतेय ते दिसत नाही. पाकिटातली काळी मेंदी तर चिरलेल्या कातडीवर लावूच नका, त्यातल्या रसायनाने भाजल्यासारखं होऊ शकतं.

तेलाचं वेळेवर अवलंबून आहे. पाण्यात उतरायच्या आधी कोरड्या, न चिरलेल्या पायाला खोबरेल किंवा व्हॅसलिनचा पातळ हात फिरवला तर पाणी थोडं कमी मुरतं. पण रात्री बेचक्यात तेल घालून झोपलात तर ओल तिथेच कोंडते. रात्री बेचकी कोरडी हवीत. सुती फडक्याची पातळ पट्टी बोटांमध्ये अडकवून झोपलं तर बोटं वेगळी राहतात आणि हवा लागते. पट्टी ओलसर झाली की बदला, आणि सकाळी धुवायला टाका.

रॉकेल, चुना, फिनेल, बॅटरीचं पाणी, न मिसळलेलं डेटॉल, यांतलं काही लावू नका. बुरशी मरो न मरो, कातडी नक्की भाजते.

कधी थांबायचं नाही, सरळ दवाखाना

साखर असलेल्या माणसाच्या बेचक्यात चीर किंवा सालपट दिसलं, तर दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात दाखवा. घरात साखरेचा रुग्ण असेल तर पावसाळ्यात रोज रात्री त्यांचे पाय दुसऱ्या कुणीतरी उजेडात बघावेत. नातवंडं हे काम आवडीने करतात.

पाऊल सुजलं, लाली वर चढत चालली, ताप आला, अवधाण आलं किंवा पू दिसला, तर त्याच दिवशी जा. दोन आठवडे नीट मलम लावूनही काहीच फरक नसेल तरी जा. प्रत्येक सालपट बुरशीचंच असतं असं नाही. डॉक्टर सालपट खरवडून तपासायला पाठवू शकतात.

आणि कोकणातल्या आपल्याला आणखी एक ध्यानात ठेवायला हवं. चिरलेल्या पायांनी भाताच्या पाण्यात उभं राहिलं की लेप्टोचे जंतू त्या चिरेतून शिरू शकतात. लावणीच्या दिवसांत ताप, अंगदुखी, पोटऱ्यांत जोराचा दुखरेपणा, डोळे लाल, असं झालं तर “दमले असेन” म्हणून घरी झोपू नका. आरोग्य केंद्रात जा आणि शेतात काम केलंय, पायाला चिरा आहेत, हे स्वतःहून सांगा.

पुढच्या बैठकीसाठी

या महिन्याच्या बैठकीत तीन गोष्टी करा. सगळ्यांनी आपापली बेचकी तिथेच उजेडात बघा, लाजायचं काही नाही. गटाचे बूट सामायिक असतील तर त्यांवर नंबर टाकून कोणता जोड कोणाचा ते वहीत लिहा. आणि ज्यांच्या घरी साखरेचा रुग्ण आहे त्यांची नावं आशाताईंना कळवा, म्हणजे त्या गृहभेटीत पायही बघतील. ज्या ताईंचं मलम सुरू होईल त्यांची 28 दिवसांची तारीख त्याच वहीत लिहून ठेवा. पुढच्या भेटीत मी वही बघेन तेव्हा कर्जाच्या हप्त्यांबरोबर त्याही तारखा बघेन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक